रात्री अकराला वाचला जाणारा मजकूर: वायरमनच्या तातडीच्या सेवेचे कॅप्शन कसे लिहावे

पुण्यात सिंहगड रस्त्यावर धायरी फाट्याजवळ माझा मावसभाऊ वायरमनचे काम करतो. व्हॉट्सॲप, फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर त्याच्या फोटोखाली जाणारा मजकूर गेली काही वर्षे मी लिहितो आहे. त्याचा पहिला मजकूरही मीच लिहिला होता: ‘२४ तास तातडीची सेवा. संपूर्ण पुणे. ३० मिनिटांत हजर. माफक दर.’ एका रात्री साडेअकराला त्याला वाघोलीहून फोन आला. वाघोली धायरीपासून पंचवीसएक किलोमीटर दूर आहे. पलीकडच्या गृहस्थांच्या घरात अंधार होता आणि स्विचबोर्डातून जळका वास येत होता. ‘संपूर्ण पुणे’ आणि ‘३० मिनिटे’ हे दोन शब्द वाचून त्यांनी जवळचा वायरमन शोधण्याऐवजी याला फोन केला होता. तो जाऊ शकला नाही. त्या गृहस्थांची मोलाची काही मिनिटे वाया गेली आणि त्याला कारण मी लिहिलेली ओळ होती. तेव्हापासून हा मजकूर मी जाहिरात म्हणून लिहीत नाही. अडचणीतल्या माणसाला ‘हा माझ्याकडे येईल का, कधी येईल आणि किती घेईल’ हे अर्ध्या मिनिटात कळावे, एवढ्यासाठीच तो लिहितो. हा मजकूर कसा तयार होतो, ते त्याच्याच उदाहरणावरून क्रमाने मांडतो.

लिहिण्याआधी: दोन महिन्यांची वही

सुरुवात मजकुरापासून करू नये, नोंदवहीपासून करावी. तातडीच्या प्रत्येक फोनची एक ओळ लिहायची: फोन आला ती वेळ, ठिकाण, दारात पोहोचलो ती वेळ, बिघाड काय निघाला, घरी परतलो ती वेळ आणि घेतलेले पैसे. मावसभावाने दोन महिने ही वही ठेवली. आपण कुठे, किती वेळात आणि कितीला जातो याबद्दलची त्याची स्वतःचीच समजूत बरीच चुकीची होती, हे त्या वहीमुळे त्यालाही कळले. आपण ‘वीस-पंचवीस मिनिटांत’ पोहोचतो, असे तो मनापासून सांगत असे. वहीने मात्र वेगळे दाखवले. ते पुढे येईलच.

ज्याच्याकडे अशी नोंद नाही, त्याने निदान फोनमधील जुने कॉल आणि व्हॉट्सॲपवर आलेली लोकेशन चाळून शेवटच्या वीस भेटींचा अंदाज बांधावा. मात्र अंदाजाने लिहिलेली वेळ नेहमी थोडी जास्तच धरावी.

भाग: नकाशावरचे अंतर आणि रस्त्यावरचे अंतर

‘संपूर्ण पुणे’, ‘पुणे व परिसर’ किंवा ‘पश्चिम पुणे’ यांतून वाचणाऱ्याला काहीच कळत नाही, कारण अंधारात बसलेला माणूस फक्त आपल्या भागाचे नाव शोधत असतो. त्यामुळे लोक पत्ता सांगताना जी नावे घेतात, तीच लिहावीत. आमच्याकडे कोणी ‘वडगाव बुद्रुक’ म्हणते, कोणी ‘वडगाव पूल’ म्हणते. माणिकबागेत राहणारा कधीच ‘सिंहगड रोड परिसर’ एवढ्यावर थांबत नाही.

भाग ठरवताना नकाशावर वर्तुळ काढण्याचा मोह टाळावा. धायरी फाट्यापासून आंबेगाव बुद्रुक नकाशावर जवळ दिसते, पण तिथे जाताना महामार्ग ओलांडावा लागतो आणि नवले पुलाजवळ संध्याकाळी हमखास अडकायला होते. शिवणे तर नदीपलीकडे अगदी समोर आहे. मात्र पावसाळ्यात खडकवासल्यातून विसर्ग वाढला की नांदेड–शिवणे पूल वाहतुकीसाठी बंद होतो आणि वारज्याकडून मोठा वळसा पडतो. नदी, महामार्ग, रेल्वे फाटक आणि घाट यांच्या अलीकडचा तो आपला जवळचा भाग आणि पलीकडचा तो लांबचा, हा हिशेब किलोमीटरपेक्षा जास्त खरा ठरतो. हे पुण्यापुरते नाही. डोंबिवलीत पूर्व आणि पश्चिम यांच्यामध्ये रेल्वे आहे, नाशिकमध्ये गोदावरी आहे. ओलांडायला वेळ लागतो अशी एखादी गोष्ट प्रत्येक गावात असते.

आम्ही दोनच गट केले. जवळचा गट म्हणजे धायरी, नऱ्हे, वडगाव, आनंदनगर, माणिकबाग आणि हिंगणे; लांबचा गट म्हणजे नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, वारजे आणि कर्वेनगर. रात्री नऊनंतर फक्त जवळचा गट. यापलीकडच्या भागांत जात नाही, हेही मजकुरात स्पष्ट लिहिले. आपण कुठे जात नाही हे लिहिल्याने गिऱ्हाईक कमी होईल, अशी भीती मावसभावाला होती. झाले इतकेच की रात्री जे फोन त्याला तसेही नाकारावे लागत असत, ते येणे बंद झाले.

वेळ: सरासरी लिहू नये

वहीतून जवळच्या भागातल्या चोवीस भेटी निघाल्या. त्यांची सरासरी सत्तावीस मिनिटे येत होती आणि साहजिकच त्याला ‘३० मिनिटांत’ लिहायचे होते. पण सरासरीचा अर्थच असा की बऱ्याच लोकांना त्याहून जास्त वाट पाहावी लागली. त्याऐवजी आम्ही सगळ्या वेळा लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने लिहून काढल्या. बावीस भेटी चाळीस मिनिटांच्या आत झाल्या होत्या. उरलेल्या दोन पंचावन्न आणि सत्तर मिनिटांच्या होत्या आणि त्या दोन्ही वेळी तो आधीच दुसऱ्या कामावर होता. दहापैकी नऊ लोकांच्या बाबतीत जी वेळ पाळली गेली, ती घ्यायची आणि वर पाच मिनिटे ठेवायची, असा नियम आम्ही केला. म्हणून मजकुरात ४५ मिनिटे आली. सायंकाळी सहा ते नऊ या वेळेत सिंहगड रस्ता कसा असतो हे इथल्या माणसाला सांगायला नको. त्या तीन तासांसाठी ६० मिनिटे वेगळी लिहिली. लांबच्या भागासाठी ७५.

घड्याळ कधी सुरू होते, तेही लिहावे लागते. गिऱ्हाईक फोन ठेवल्यापासून मोजतो, वायरमन गाडीला किक मारल्यापासून मोजतो आणि बरेचसे भांडण या दोन मोजण्यांमधूनच उभे राहते. आम्ही ‘पत्ता किंवा लोकेशन मिळाल्यापासून’ असे लिहिले. हा क्षण दोघांच्याही फोनवर नोंदलेला राहतो.

मग त्या उरलेल्या दोन भेटींचे काय? एकटा माणूस एका वेळी एकाच घरी जाऊ शकतो आणि हे लपवण्यात काही अर्थ नाही. मजकुरात ओळ घातली: ‘आधीच कामावर असलो तर फोनवरच खरी वेळ सांगतो, थांबायचे की दुसऱ्याला बोलवायचे ते तुम्ही ठरवा.’ आणि कबूल केलेली वेळ चुकली, तर भेटीचे पैसे घेत नाही. ही शेवटची ओळ मात्र ज्याला खरोखर पाळता येईल त्यानेच लिहावी. वही ठेवली असेल तर ती महिन्यातून किती वेळा खिशाला लागेल, हे आधीच मोजता येते.

तातडीचे काम कोणते, आणि कोणते नाही

रात्रीच्या फोनपैकी काही फोन मुळात वायरमनचे नसतात. संपूर्ण इमारत किंवा गल्ली अंधारात असेल, तर बिघाड बहुधा महावितरणच्या बाजूचा असतो आणि त्यासाठी १९१२ हा क्रमांक आहे. मीटर आणि त्याचे सील हेही महावितरणचे आहे. खासगी वायरमनने त्याला हात लावायचा नसतो. त्यामुळे मजकुराच्या सुरुवातीलाच ‘शेजारची लाईट आहे का?’ हा प्रश्न ठेवला. या एका प्रश्नाने माणूस योग्य ठिकाणी फोन करतो आणि त्याचे साडेचारशे रुपये वाचतात. स्वतःचा धंदा बुडवणारी ही ओळ आहे असे वरवर वाटेल. प्रत्यक्षात सोसायटीच्या गटात मावसभावाचा नंबर ज्या एका ओळीसाठी जपून ठेवला गेला, ती हीच.

तातडीची कामे आम्ही चार ठरवली. फक्त आपल्याच घराची लाईट गेली आहे. बोर्डातून जळका वास येतो किंवा ठिणगी पडते. नळाला, गिझरला किंवा वॉशिंग मशीनला हात लावल्यावर झटका बसतो. आणि दिवे अचानक डोळ्यांवर येतील इतके प्रखर होऊन पंखा भलत्याच वेगाने फिरू लागतो. चौथे लक्षण फार थोड्या लोकांना माहीत असते, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो. तीन फेजवर चालणाऱ्या इमारतीत न्यूट्रलची सामाईक तार कुठेतरी सैल झाली किंवा तुटली, की काही घरांना नेहमीच्या २३० व्होल्टऐवजी कितीतरी जास्त दाब मिळू लागतो. ‘आज लाईट मस्त आहे’ असे म्हणेपर्यंत टीव्ही आणि फ्रिज जळालेला असतो. अशा वेळी वायरमनची वाट पाहण्याआधी मेन स्विच बंद करणे हाच खरा उपाय आहे, म्हणून ती सूचना मजकुरातच हवी. वायरमन पंचेचाळीस मिनिटांनी येतो. ती पंचेचाळीस मिनिटे घर सुरक्षित ठेवणारे वाक्य त्याच्याआधी पोहोचले पाहिजे.

पंखा बसवणे, नवा पॉइंट काढणे, झुंबर लावणे ही तातडीची कामे नव्हेत. ती दिवसा ठरवून करायची. हे एका ओळीत लिहून पुढे जावे.

दर: मजकुराचा सर्वांत कठीण भाग

‘माफक दर’, ‘वाजवी दर’ आणि ‘फक्त ₹४९ पासून’ या तीन शब्दप्रयोगांमुळे या व्यवसायावरचा विश्वास फार कमी झाला आहे. पहिल्या दोन्हींतून काही कळत नाही. तिसऱ्यात फसवणुकीची सोय असते, कारण ‘पासून’ हा शब्द खालची मर्यादा सांगतो आणि गिऱ्हाइकाला भीती वरच्या मर्यादेची असते. प्रत्यक्षात ज्या किमतीला ती सेवा मिळण्याची वाजवी शक्यताच नाही, ती किंमत दाखवून गिऱ्हाइकाला ओढणे हे केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये काढलेल्या फसव्या जाहिरातींविषयीच्या मार्गदर्शक सूचनांतही बसत नाही. त्या सूचनांनुसार मोठ्या अक्षरांत दिलेले वचन खाली बारीक अक्षरांत मागे घेता येत नाही. म्हणून अपवाद असेल तर तो त्याच ओळीत लिहावा.

आता आकडा कसा काढायचा. मावसभाऊ दिवसभर आठ तास काम करून साधारण सोळाशे रुपये मिळवतो, म्हणजे ताशी दोनशे. दिवसाच्या तातडीच्या भेटीत जाणे, तपासणे आणि परत येणे मिळून वहीप्रमाणे तासभर जातो. दोनशे रुपये वेळेचे आणि पेट्रोल व गाडीची झीज मिळून पन्नास, अशी दिवसाची भेट २५० रुपयांची झाली. रात्रीची भेट दारातून दारात दीड तासाची होते, त्याचे तीनशे, पेट्रोलचे पन्नास, आणि झोपमोड झाल्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळचे काम अर्धा तास उशिरा सुरू होते, त्याचे शंभर. असे ४५० झाले. हे आकडे त्याचे आहेत, दुसऱ्याने ते उचलू नयेत. उचलायची ती रीत. जो वायरमन हा हिशेब मांडत नाही, तो आधी कमी दर लिहितो आणि मग दारात उभा राहून वाढवतो, किंवा गरज नसलेला एखादा भाग बदलून भरपाई करतो. दर आधीच पुरेसा ठेवला, तर पुढे खोटे बोलण्याची वेळ येत नाही.

भेटीच्या पैशांत काय येते, हे आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. आम्ही लिहिले: जाणे-येणे, वीस मिनिटांची तपासणी आणि घर सुरक्षित करून देणे. ‘सुरक्षित करणे’ म्हणजे सैल जोडणी आवळणे किंवा बिघडलेली लाइन बाजूला काढून बाकीच्या घराचा पुरवठा सुरू करून देणे. हे पैसे पुढच्या बिलातून वजा होत नाहीत, हेही साफ लिहिले. ‘काम दिल्यास भेट मोफत’ असे लिहिणारे बरेच आहेत. तेव्हा ती भेट मजुरीत लपवलेली असते आणि ज्याचा बिघाड क्षुल्लक निघाला, त्याला विनाकारण काम काढून देण्याचा मोह होतो.

हे प्रत्यक्षात कसे घडते, त्याचे एक उदाहरण देतो. रात्री सव्वाअकराला वडगावमधून फोन आला: मेन वर ढकलले की लगेच खाली पडते. वीज गळू लागताच आपोआप पडणारे ते आरसीसीबी होते, घरात सामान्यतः असते तसे तीस मिलिॲम्पिअरचे. मावसभावाने सगळे एमसीबी, म्हणजे एकेका लाइनचे छोटे स्विच, खाली पाडले आणि आरसीसीबी वर केले, तरी ते टिकेना. इथे पुष्कळ जण ‘आरसीसीबीच गेले’ म्हणून नवे बसवतात आणि दोन-अडीच हजारांचे बिल करतात. पण घरातला साधा एमसीबी फक्त फेजची तार तोडतो. न्यूट्रल जोडलेलीच राहते आणि गळती न्यूट्रलच्या वाटेने असेल, तर एमसीबी बंद असूनही आरसीसीबी पडत राहते. त्याने न्यूट्रलच्या तारा एकेक करून सोडवल्या. गिझरच्या लाइनची तार सुटताच आरसीसीबी जागेवर टिकले. गिझरचा एलिमेंट फुटून पाण्यात गळत होता. ती लाइन वेगळी करून टेप लावला, बाकी घर सुरू केले आणि बिल झाले ४५० रुपये. एलिमेंट रात्री बदलला नाही, कारण दुकाने बंद होती आणि एका रात्रीसाठी गिझरची कोणालाच गरज नव्हती. सकाळी दिवसाच्या दराने भेट २५०, मजुरी ३५० आणि एलिमेंट दुकानाच्या पावतीप्रमाणे.

या घटनेनंतर मजकुरात जी ओळ आली, ती मला या सगळ्यातली सर्वांत प्रामाणिक वाटते: ‘रात्री घर सुरक्षित करून देतो, जे सकाळपर्यंत थांबू शकते, ते सकाळीच सांगतो.’

मजुरीचे दर चार-पाच नेहमीच्या कामांचेच लिहावेत, संपूर्ण दरपत्रक नको. भिंतीच्या आतल्या तारेचा बिघाड न बघता सांगता येत नाही, तर तसेच लिहावे आणि ‘आधी कागदावर आकडा, मग काम’ एवढे वचन द्यावे. सुट्या भागांबाबत नियम सोपा आहे: छापील कमाल किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही, पावती द्यायची आणि काढलेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. जीएसटीबद्दलही एक चूक सर्रास दिसते. ज्याची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या आत आहे आणि ज्याने नोंदणी केलेली नाही, त्याला जीएसटी आकारताच येत नाही. अशा माणसाने ‘जीएसटी वेगळा’ असे कधीही लिहू नये.

पहिली ओळ आणि बोलीतले शब्द

इन्स्टाग्रामवर मजकुराची पहिली साधारण सव्वाशे अक्षरेच दिसतात, उरलेला भाग उघडावा लागतो. फेसबुकवरही तसेच होते. म्हणून भाग, वेळ आणि रात्रीचा दर या तिन्ही गोष्टी पहिल्या ओळीतच बसवाव्यात. दुकानाचे नाव, ‘सेवा हाच आमचा धर्म’ किंवा सणाच्या शुभेच्छा पहिल्या ओळीत आल्या, तर त्या माणसाच्या कामाचे काहीच दिसत नाही. इन्स्टाग्रामच्या मजकुरातला दुवा दाबून उघडत नाही, त्यामुळे नंबर आकड्यांत लिहावा आणि प्रोफाइलमध्ये थेट संदेशाचा दुवा ठेवावा. तो `https://wa.me/91` आणि त्याला जोडून दहा आकडी नंबर असा असतो. फोटोवरही नंबर आणि भागांची नावे असावीत, कारण पुष्कळदा फक्त फोटोच पुढे पाठवला जातो.

शब्द लोकांच्या तोंडचे असावेत. ‘विद्युतपुरवठा खंडित झाल्यास’ असे कोणी म्हणत नाही. ‘लाईट गेली’ म्हणतात. सोसायटीच्या गटात ‘कोणी रात्रीचा वायरमन आहे का?’ असे विचारले जाते, मग गटात जुने संदेश शोधणाऱ्याला ‘वायरमन’ आणि ‘रात्री’ हेच शब्द सापडले पाहिजेत. ‘आरसीसीबी’ न लिहिता ‘मेन सारखे पडते’ असे लिहावे. परवान्याचा उल्लेख मात्र नेमका करावा: राज्य शासनाचा तारतंत्री परवाना असेल तर ‘परवानाधारक’ लिहून मागितल्यावर दाखवण्याची तयारी ठेवावी, नसेल तर तो शब्द वापरू नये. ‘अनुभवी’, ‘तज्ज्ञ’ आणि ‘नंबर वन’ हे शब्द वगळले तरी काही बिघडत नाही.

तयार झालेला मजकूर

> घरातली लाईट गेली, शेजारची आहे? धायरी, नऱ्हे, वडगाव, आनंदनगर, हिंगणे: रात्री ४५ मिनिटांत वायरमन. भेट रु. ४५०.
>
> शेजारचीही गेली असेल तर आधी महावितरणला १९१२ वर फोन करा. आमची गरज नाही.
>
> जळका वास, ठिणगी, नळाला झटका, किंवा दिवे एकदम प्रखर झाले तर: कोरड्या हाताने मेन स्विच बंद करा, वास किंवा ठिणगी येणाऱ्या बोर्डाला हात लावू नका, मग फोन करा.
>
> जवळचा भाग (दिवस-रात्र): धायरी, नऱ्हे, वडगाव, आनंदनगर, माणिकबाग, हिंगणे. ४५ मिनिटे, संध्याकाळी ६ ते ९ मध्ये ६० मिनिटे.
> लांबचा भाग (फक्त सकाळी ८ ते रात्री ९): नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, वारजे, कर्वेनगर. ७५ मिनिटे, भेटीचे रु. १०० जास्त.
> यापलीकडे जात नाही.
> वेळ पत्ता किंवा लोकेशन मिळाल्यापासून मोजतो. आधीच कामावर असलो तर फोनवर खरी वेळ सांगतो. कबूल केलेली वेळ चुकली तर भेटीचे पैसे नाहीत.
>
> भेट: सकाळी ८ ते रात्री ९ रु. २५०, रात्री ९ ते सकाळी ८ रु. ४५०. यात जाणे-येणे, २० मिनिटे तपासणी आणि घर सुरक्षित करून देणे आले. हे पैसे बिलातून वजा होत नाहीत.
> मजुरी वेगळी: स्विच किंवा सॉकेट बदलणे रु. १००, एमसीबी रु. १५०, सारखे पडणारे मेन बदलणे रु. ३००, गिझर एलिमेंट रु. ३५०. सामान पावतीप्रमाणे, जुना भाग तुमच्या हातात.
> भिंतीतल्या तारेचे काम बघून सांगतो: आधी कागदावर आकडा, मग काम.
> रात्री घर सुरक्षित करून देतो. जे सकाळपर्यंत थांबू शकते, ते सकाळीच सांगतो.
>
> परवानाधारक वायरमन. फोन: (दहा आकडी नंबर)
> हे दर १ जानेवारी २०२६ पासून.

पहिली ओळ आटोपशीर राहावी, म्हणून माणिकबागेचे नाव फक्त खाली घेतले. पहिल्या ओळीत ‘रात्री ४५ मिनिटांत’ लिहिले आणि नुसते ‘४५ मिनिटांत’ लिहिले नाही, याचेही कारण आहे: संध्याकाळचा अपवाद रात्रीला लागू नाही, त्यामुळे ती ओळ एकटी वाचली तरी खरी राहते.

प्लंबरसाठी काय बदलते

सांगाडा तोच राहतो, पण पहिली सूचना बदलते. पाइप फुटला किंवा अँगल कॉक तुटला, तर प्लंबर येईपर्यंत पाणी कुठून बंद करायचे, हे सांगावे लागते: संडास-बाथरूमच्या बाहेरचा किंवा डक्टमधला त्या लाइनचा व्हॉल्व्ह, आणि तो सापडला नाही किंवा जाम झाला असेल तर गच्चीवरच्या टाकीचा. गच्चीला कुलूप असते आणि किल्ली वॉचमनकडे किंवा सोसायटीच्या सचिवांकडे असते, म्हणून ‘गच्चीची किल्ली मागवून ठेवा’ ही ओळ प्लंबरच्या मजकुरात हवीच. त्याने रात्रीच्या दुरुस्तीचे सामान जवळ असते का, तेही लिहावे. एंड कॅप आणि अर्ध्या-पाऊण इंची जोडण्या पिशवीत असतील, तर गळती थांबवता येते, पण फरशीखालची लाइन रात्री उघडणे शहाणपणाचे नसते. ‘चोकअप’चा दर गळतीपेक्षा वेगळा लिहावा, कारण नहाणी ट्रॅप साफ करणे आणि खालची मुख्य लाइन मोकळी करणे यांच्या मेहनतीत फार फरक असतो, शिवाय मुख्य लाइन सोसायटीची असते आणि तिचे पैसे कोणी द्यायचे, हे आधी ठरायला हवे.

मजकूर टाकण्याआधी आणि टाकल्यानंतर

मजकूर पूर्ण झाल्यावर तो घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला फोनवर वाचायला द्यावा आणि तीन प्रश्न विचारावेत: कर्वेनगरला रात्री दहाला हा येईल का, आनंदनगरला रात्री बाराला भेटीचे किती होतील, आणि मेन सारखे पडत असेल तर कुठे फोन करायचा. माझ्या आईने पहिल्या प्रश्नाला ‘येईल’ असे उत्तर दिले, कारण तेव्हा वेळेची अट भागांच्या नावांनंतर दुसऱ्या ओळीत होती. ती अट नावांच्या आधी कंसात आणल्यावर तिचा गोंधळ थांबला.

त्यानंतर खरी परीक्षा फोनवर होते. मजकूर वाचूनही लोक जो प्रश्न विचारतात, त्याचे उत्तर मजकुरात नाही किंवा सापडत नाही, असे समजावे. पहिल्या महिन्यात मावसभावाला सतत ‘सामान तुम्ही आणता की आम्ही?’ असे विचारले गेले. आता पुढच्या बदलात ‘सामान पावतीप्रमाणे’ याच्या जागी ‘सामान आम्ही आणतो, पावतीप्रमाणे’ असे होईल. उलट, परवान्याबद्दल आजवर दोघांनीच विचारले.

दरांखालची तारीख कधीही गाळू नये. असे मजकूर सोसायटीच्या गटांमध्ये वर्षानुवर्षे फिरत राहतात आणि तीन वर्षांपूर्वीचा दर दाखवून कोणी दारात अडून बसले, तर त्यात त्यांची चूक नसते. तारीख असेल तर दोघांनाही कळते की नवा दर विचारायला हवा. दर बदलला की जुना मजकूर असलेल्या सगळ्या जागा, म्हणजे फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲपचे प्रोफाइल आणि सोसायटीच्या नोटीस बोर्डावरचा कागद, एकाच दिवशी बदलाव्यात. आमच्याकडे त्या जागांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेली आहे.